आधी फिरवा, मग हुंगा, मग घोट घ्या: वाइन चाखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या एखाद्या वायनरीत टेस्टिंगला गेलात की टेबलापलीकडचा माणूस ग्लास हातात देतो आणि सांगतो, ‘आधी फिरवा, मग वास घ्या, मग घोट.’ आपण तसं करतो, पण ते कशासाठी हे विचारायचं राहून जातं. खालचे प्रश्न नव्याने वाइन चाखणाऱ्यांचेच आहेत. उत्तरांत शक्यतो एकच वाइन धरली आहे, नाशिक भागातली सॉव्हिन्यॉ ब्लाँ. ती पांढरी आहे, सहज मिळते आणि तिचा वास लपून राहत नाही. मध्ये एक-दोनदा लाल शिराझ येते.

ग्लास गोल फिरवणं हा निव्वळ दिखावा नाही का?

दिखाव्यासाठी फिरवणारे आहेतच. पार्टीत रिकामा ग्लास फिरवणारेही पाहिले आहेत. पण मूळ क्रियेला कारण आहे आणि ते घरी तपासता येतं.

आपल्याला वास येतो तो द्रवातून सुटून हवेत गेलेल्या रेणूंचा. वाइन ग्लासात शांत पडून असते तेव्हा हवेला लागलेला तिचा पृष्ठभाग वरच्या एका गोल चकतीइतकाच असतो. ग्लास फिरवला की वाइन काचेच्या आतल्या भिंतीवर चढते आणि तिथे तिचा पातळ थर पसरतो. पृष्ठभाग एकदम वाढतो, थर पातळ असल्याने त्यातला वास लवकर सुटतो आणि ग्लासच्या वरच्या मोकळ्या जागेत साठतो. ग्लासचं तोंड पोटापेक्षा अरुंद असेल तर तो तिथे थोडा वेळ टिकूनही राहतो. सरळ भिंतींच्या पाण्याच्या ग्लासात वाइन फिरवून पाहा. निम्मा वास नाकापर्यंत पोचण्याआधीच निघून जातो, आणि वाइन सदऱ्यावर सांडते ते वेगळंच.

तपासायचं असेल तर दोन सारखे ग्लास घ्या आणि दोन्हींत सारखीच वाइन ओता. एक टेबलावर तसाच राहू द्या. दुसरा पाच-सहा वेळा फिरवा, लगेच हुंगा आणि मग पहिला हुंगा. फरक इतका असतो की दोन वेगळ्या बाटल्या उघडल्यात की काय असं वाटतं.

किती ओतायची आणि कशी फिरवायची?

साधारण ५० मिलिलिटर, म्हणजे तीन मोठे चमचे भरून थोडी जास्त. चाखण्यासाठीचा जो आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा ग्लास आहे, ट्यूलिपच्या कळीसारखा, त्यात एकूण सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास मावतं आणि ओततात फक्त ५०. बाकीची जागा वासासाठी राखलेली असते. पाहुण्यांपुढे ग्लास अर्धाच भरायचा म्हटलं की आपला जीव खालीवर होतो. पण काठोकाठ भरलेला ग्लास फिरवता येत नाही आणि हुंगायला गेलं तर नाक वाइनमध्ये बुडतं.

सुरुवातीला ग्लास हवेत धरू नका. तळ टेबलावर टेकवा, दांडी दोन-तीन बोटांत धरा आणि टेबलावर लिंबाएवढी वर्तुळं काढल्यासारखा हात फिरवा. पाच-सहा फेरे पुरतात. मनगटाची कसरत करायची नाही, वाइन भिंतीवर अर्ध्यापर्यंत चढली की काम झालं.

फिरवण्याच्या आधी एकदा हुंगायला सांगतात ते कशाला?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते नवशिक्याला सगळ्यांत जास्त उपयोग हिचाच होतो.

फिरवण्याआधीचा वास म्हणजे तुलनेसाठी हातात ठेवलेलं माप. आपलं नाक एखादा वास सुटा ओळखण्यात कच्चं असतं, पण दोन वासांमधला फरक पटकन पकडतं. ‘या वाइनला कसला वास येतो?’ असं थेट विचारलं तर नवा माणूस गप्प होतो. ‘फिरवल्यावर काय बदललं?’ असं विचारलं तर तोच माणूस सांगतो, ‘आधी नुसतं लिंबासारखं होतं, आता काहीतरी हिरवं आलं.’ झालं की वर्णन.

शिवाय शांत ग्लासातून आधी वर येतात ते हलके, चटकन उडणारे वास. फिरवल्यावर दबून राहिलेले बाकीचेही बाहेर पडतात. सुरुवातीलाच जोरात फिरवलं तर सगळे एकदम अंगावर येतात आणि त्यातला नाजूक वास कुठला हे कळत नाही.

मला फक्त दारूचाच वास येतो. बाकी काही येत नाही. का?

दोन-तीन कारणं असू शकतात. पहिलं म्हणजे नाक फार खोल घालून, लांब श्वास ओढून हुंगणं. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. त्याची वाफ नाकात नुसता वास देत नाही, चुरचुरही करते आणि ती चुरचुर बाकी सगळं झाकून टाकते. जपानी संशोधकांनी २०१५ साली वाइन ग्लासच्या तोंडाशी येणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेची चित्रं घेतली होती. १३ अंशांवरच्या वाइनची वाफ काठालगत कड्यासारखी दाटलेली दिसली, मधला भाग त्या मानाने मोकळा होता. म्हणून नाक काठाला चिकटवण्यापेक्षा ग्लासच्या तोंडाच्या मध्यावर, किंचित वर धरून पाहा. कुत्रं हुंगतं तसे दोन-तीन छोटे श्वास घ्या, एक मोठा नको.

दुसरं कारण तापमान. आपल्याकडे लाल वाइन ‘रूम टेंपरेचरला’ प्यावी हे वाक्य युरोपातून जसंच्या तसं आलं आहे. तिथल्या जुन्या दगडी घरातली खोली १६-१८ अंशांची असते. एप्रिलमधली जळगावची किंवा पुण्याची खोली ३० च्या वर. तेवढ्या उबेत शिराझमधलं अल्कोहोल सगळ्यांच्या पुढे धावतं आणि नाकात झणझणतं. लाल बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा. पांढरीची तऱ्हा उलटी. ती थेट फ्रिजमधून चार-पाच अंशांवर ओतली तर वासच सुटत नाही, कितीही फिरवा. ग्लासचं पोट दोन्ही तळव्यांत धरून पाच-सात मिनिटं थांबा, दहा अंशांच्या आसपास आली की ती बोलायला लागते.

आणि तिसरं कारण आजूबाजूचं. अत्तर, उदबत्ती, हाताला लागलेला कांदा, शेजारच्या टेबलावरचं तंदुरी. यातलं काहीही असलं तर ग्लासला दोष देऊ नका.

सरळ घोट घेतला आणि नंतर वास घेतला, तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, पण पहिल्या घोटाबरोबर वासाची पाटी कोरी राहत नाही.

तोंडात वाइन गेली की आंबटपणा, अल्कोहोलची ऊब आणि लाल असेल तर तुरटपणा या तीन दांडग्या संवेदना एकदम येतात. त्या लक्ष खेचून घेतात आणि गिळल्यावरही रेंगाळतात. वाइनचा पातळ थर तोंडात, घशात राहतो आणि पुढच्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर त्याचा वास आतून नाकात चढतो. आता ग्लास हुंगलात तर बाहेरून आलेलं किती आणि आतून आलेलं किती हे वेगळं काढता येत नाही. शिराझसारख्या वाइनचा तुरटपणा तर दर घोटाला साचत जातो.

दुसरा मुद्दा अंदाजाचा. आधी हुंगलं की मनात नकळत एक अंदाज बांधला जातो आणि घोट तो खरा करतो किंवा पाडतो. नाशिकचीच आणखी एक पांढरी वाइन, शेनिन ब्लाँ, याला छान उदाहरण आहे. तिच्या काही बाटल्यांना पिकलेल्या फळांचा, मधाकडे झुकणारा वास येतो. वाटतं, वाइन गोड असणार. घोट घेतला की कळतं, साखर जवळजवळ नाहीच. वास ‘गोड’ वाटतो तो आपण गोड फळांबरोबर तो वास आयुष्यभर घेतला आहे म्हणून, वासात साखर नसते. आधी घोट घेतला असता तर ‘ड्राय आहे’ एवढंच कळलं असतं आणि ही विसंगती हातून निसटली असती.

वास नाकाने घेतलाच, मग घोटात नवीन काय कळणार?

बरंच. जिभेला स्वतःहून कळतं ते थोडं: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. तुरटपणा तर चवही नव्हे, तो स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीतली आणि बियांतली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खरखरीत होतं. बाकी ज्याला आपण ‘चव’ म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचाच असतो, फक्त तो मागच्या दाराने येतो. घशाच्या मागून नाकात जाणारी वाट आहे, त्या वाटेने.

हे पटवून घ्यायला एक सोपा प्रयोग आहे. नाक चिमटीत घट्ट धरा, सॉव्हिन्यॉ ब्लाँचा घोट घ्या आणि तोंडात फिरवा. आंबट लागेल, थोडं गरम लागेल, बाकी काही नाही. लिंबाच्या सरबतात दारू घातली असं म्हणाल. आता गिळा आणि नाक सोडून श्वास बाहेर टाका. फळाचा सगळा वास एका झटक्यात येतो.

तोंडातली वाइन शरीराच्या उष्णतेने तापते. दहा अंशांवरून ती काही सेकंदांत बरीच वर जाते आणि ग्लासात सुटले नव्हते असे जड वास तिथे सुटतात. म्हणून घोटातला वास ग्लासातल्या वासाची नक्कल नसतो. मोठा चमचाभर वाइन घ्या, पाच-सात सेकंद जिभेवरून, गालांतून, हिरड्यांवरून खेळवा, मग गिळा किंवा थुंका आणि नाकाने हळू श्वास सोडा. तो श्वास महत्त्वाचा. वाइन गिळून लगेच बोलायला लागणारा माणूस तिचा शेवट ऐकतच नाही. वाइन तोंडात असताना ओठ गोल करून हवा आत ओढण्याची, ती फुरफुर करण्याची पद्धतही याचसाठी आहे. पण ठसका लागण्याची खात्री असल्याने ती पहिल्या दिवशी नको.

एखाद्या ग्लासवर हे सगळं करून दाखवाल का?

दाखवतो. नाशिकची एक-दीड वर्षाची सॉव्हिन्यॉ ब्लाँ, दहा अंशांच्या आसपास, ५० मिलिलिटर.

शांत ग्लास, पहिला वास: हलका, लिंबाच्या सालीसारखा. त्यामागे कापलेल्या गवताची चाहूल. एवढंच. जास्त शोधत बसू नका.

सहा फेरे, लगेच दुसरा वास: आता ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तो हिरवा वास स्पष्ट होतो, आणि त्याच्या पाठोपाठ पेरू. पिकून पिवळा झालेला, घरात ठेवला की दुसऱ्या खोलीत कळतो तसला. इथे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारा: हिरवं जास्त की फळ जास्त? गारव्यात पिकलेल्या किंवा लवकर तोडलेल्या द्राक्षांत हिरवं पुढे असतं, जास्त पिकलेल्या द्राक्षांत ते मागे पडतं.

ग्लास खाली, अर्धा मिनिट नुसता श्वास. मग घोट. पहिल्या सेकंदाला आंबटपणा, जिभेच्या कडांना लाळ सुटते. किती वेळ सुटत राहते ते पाहा, आंबटपणाचं तेच माप. अंगाने हलकी, तुरटपणा जवळजवळ नाही. गिळल्यावर नाकाने श्वास सोडलात की पेरू परत येतो, पण मिरची येईलच असं नाही. काही बाटल्यांत शेवटी द्राक्षफळाच्या, म्हणजे ग्रेपफ्रूटच्या सालीचा कडवटपणा राहतो. तो किती सेकंद टिकतो ते मनात मोजा. फ्रेंच लोकांनी या सेकंदाला ‘कोदाली’ असं नावच ठेवलं आहे. पाचाच्या आत संपला तर साधी वाइन, दहाच्या पुढे गेला तर जरा लक्ष द्या.

हाच ग्लास न फिरवता, न हुंगता प्यायला असतात तर हातात राहिलं असतं ते ‘थंड आणि आंबट’.

पेरू, मिरची, मिरे... हे लोक मनाचंच सांगतात ना? वाइनमध्ये तर द्राक्षंच असतात.

काही जण मनाचं सांगतात, कबूल. पण वरची तीन नावं कवीकल्पना नाहीत. सॉव्हिन्यॉ ब्लाँमधले गंधकयुक्त रेणू, ज्यांना थायॉल म्हणतात, त्यांतले काही पेरूत आणि पॅशन फ्रूटमध्येही सापडतात. गंमत म्हणजे द्राक्षाच्या रसात ते बांधलेले, बिनवासाचे असतात. यीस्ट रस आंबवताना त्यांना मोकळं करतं. ढोबळी मिरचीचा वास मेथॉक्सिपायराझीन नावाच्या रेणूंचा, आणि तेच या द्राक्षातही असतात. शिराझमधला मिऱ्याचा वास रोटंडोन या रेणूमुळे येतो. हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं, आणि तोच रेणू आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या काळ्या मिऱ्यातही असतो.

त्यामुळे परदेशी पुस्तकातली ‘गूसबेरी’ आणि ‘ब्लॅककरंट’ पाठ करत बसू नका. आपण ती फळं खाल्लेलीच नाहीत, तर आठवणार कुठून? पेरू, चिंच, जांभूळ, कोकम, लवंग, ओली माती अशी घरातली नावं लावा.

सगळे म्हणतात मिऱ्याचा वास येतोय, मला येतच नाही.

कदाचित कधीच येणार नाही. रोटंडोनच्या त्याच अभ्यासात सुमारे पाचांतल्या एका माणसाला हा रेणू भरपूर प्रमाणातही जाणवला नाही. हा सरावाचा कमीपणा नाही, नाकाची ठेवण आहे. त्या एका वासासाठी क्रम कितीही नीट पाळला तरी उपयोग नाही, बाकीच्या वासांसाठी मात्र होतो.

दोन-तीनदा हुंगल्यावर वासच येईनासा होतो. वाइन उडून गेली का?

वाइन तिथेच आहे, नाक थकलं आहे. एकच वास सतत आला की नाक त्याची दखल घेणं थांबवतं. स्वयंपाकघरात असताना फोडणीचा वास कळत नाही, बाहेरून आलेल्याला कळतो, तेच इथे. दोन-तीन छोटे श्वास, मग ग्लास बाजूला आणि अर्धा-एक मिनिट विश्रांती. मधल्या वेळात स्वतःच्या कोपराच्या आतली बाजू हुंगा, तो आपला रोजचा वास असल्याने नाकाला शांतता मिळते. कॉफीच्या बिया हुंगायची पद्धत अत्तराच्या दुकानांतली आहे. मला ती पटत नाही, एक ठसठशीत वास घालवायला दुसरा ठसठशीत वास कशाला?

रंग आधी पाहायचा की नाही?

पाहा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एकच पांढरी वाइन दोन रूपांत दिली होती, एक तशीच आणि एक बिनवासाचा लाल रंग घालून. रंगवलेलीचं वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केलं. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग ‘तज्ज्ञांची फजिती’ म्हणून सांगितला जातो, ते मला अन्यायाचं वाटतं. डोळ्यांनी जे सांगितलं ते नाकाने मान्य केलं, एवढंच. म्हणून दुसऱ्या वासाला डोळे मिटून पाहा.

फिरवल्यावर काचेवर ओघळ उतरतात. जितके जाड, तितकी वाइन भारी?

नाही. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल पाण्याआधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो, थर वरच्या बाजूला ओढला जातो आणि मग थेंब होऊन घसरतो. ओघळांवरून अल्कोहोलचा किंवा साखरेचा थोडा अंदाज येतो, दर्जाचा येत नाही. गोव्याच्या गोड पोर्ट वाइनचे ओघळही जाडच असतात.

फिरवल्यावर वास आणखी वाईट झाला तर?

तर क्रमाने तुमचे पैसे वाचवले. काडी पेटवल्यासारखा किंवा किंचित सडक्या अंड्यासारखा वास पहिल्या हुंगण्यात आला, तर जोरात फिरवून पाच मिनिटं थांबा. हा वास बऱ्याचदा हवा लागली की जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीतल्या बुरशीचा वास मात्र फिरवल्यावर जात नाही, उलट ठळक होतो. तो बुचातून आलेला दोष, खऱ्या कॉर्कच्या बाटल्यांत आढळणारा. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा ठळक वास आला तर बाटली बिघडली आहे. हॉटेलात असाल तर घोट घेण्याआधी वेटरला बोलवा आणि त्यालाही हुंगायला द्या.

स्पार्कलिंग वाइनही अशीच फिरवायची?

नको. फिरवलीत तर बुडबुडे निघून जातात, आणि त्यांच्यासाठीच तर पैसे दिलेले असतात. बुडबुडे स्वतःच वास वर आणतात, फिरवण्याचं काम तेच करतात. ओतल्यावर फेस बसू द्या. लगेच नाक घातलंत तर कार्बन डायऑक्साइड सोड्यासारखा नाकात झोंबतो. अर्ध्या मिनिटाने हुंगा, मग घोट. उंच, सडपातळ ग्लासापेक्षा साध्या पांढऱ्या वाइनच्या ग्लासात तिचा वास जास्त चांगला कळतो, फोटो तेवढा चांगला येत नाही.